केरव्यातली ओळ भजनासारखी का वाटते: एका भावगीताची बांधणी

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो. खाडीवर एक कविता लिहिली आहे, त्याचं भावगीत करायचं आहे. ध्रुवपद असं आहे: ‘ओहोटीच्या वाटेवरती संध्या उतरत आली’. चाल यमनमध्ये, ताल केरवा. बहीण काळी चारमध्ये गाते, मित्राचा तबला काळी एकचा आहे, तानपुरा फोनवर लावतो. पण ऐकलं की भजनच वाटतं, आणि तबला सुरू झाला की काहीतरी बेसूर लागतं, कुणाचं चुकतंय कळत नाही. भावगीतासारखं हळुवार कसं करावं?

उत्तर: बेसूर कुणीच नाही. तबला चुकीच्या स्वरात लागलाय. त्याकडे नंतर येतो, कारण भजनाची तक्रार आधी सुटायला हवी आणि ती तबल्याची नाही, शब्दांची आहे.

तुमच्या ओळीच्या मात्रा मोजा. ओ-हो-टी-च्या, चारही अक्षरं गुरू, म्हणजे ८. ‘वाटेवरती’ ८. ‘संध्या उतरत’ पुन्हा ८. ‘आली’ ४. एकूण २८, हिशेब चोख. पद्मावर्तनी जातीची ही सरळ रचना केरव्याच्या आठ मात्रांत हातमोजा घातल्यासारखी बसते, आणि तिथेच घोटाळा होतो. सम ‘ओ’वर, ‘वा’वर, ‘सं’वर, ‘आ’वर, म्हणजे दर आवर्तनाला शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर पडते. त्यात पहिल्या आवर्तनात चार गुरू अक्षरं दोन-दोन मात्रांच्या सारख्या अंतरावर. ओऽ होऽ टीऽ च्याऽ. ‘ओहोटी’ला जेवढं वजन तेवढंच ‘च्या’ या प्रत्ययाला. ऐकणाऱ्याचा हात आपोआप टाळीकडे जातो. भजनी ठेकाही आठ मात्रांचाच, तेव्हा कानाला भजनाची आठवण होणं अगदी रास्त आहे.

यावर पहिला उपाय सुचतो तो म्हणजे ओळ समेपासून न उचलता पाचव्या मात्रेपासून उचलायची. करून बघा. ‘ओऽहोऽ’ संपलं की सम ‘टी’वर येते, शब्द मधोमध फुटतो आणि प्रकरण आणखी बिघडतं. शब्द तसेच ठेवून ताल सरकवणं इथे चालणार नाही. शब्दच बदलायला हवेत.

भावगीतात सम कुठल्या शब्दावर आणायची हे आधी ठरवतात, मग ओळ बांधतात. तुमच्या कवितेत भाव कशात आहे? ओहोटी लागली, संध्याकाळ झाली, या दोन्ही बातम्या झाल्या. भाव आहे तो पाणी लांब गेल्याचा. म्हणजे ‘दूर’ आणि ‘पाणी’ हे समेचे शब्द. ‘ओहोटी’ हा शब्द तर लागतही नाही, पाणी दूर गेलं म्हटलं की ऐरोलीच्या माणसाला चिखल दिसतोच. (रोहित पक्षी कवितेत आणले नाहीत हे बरं केलंत. खाडीवरच्या निम्म्या कवितांत ते असतात.)

नमुन्यादाखल दादऱ्यात बसणारी ओळ देतो. ती जशीच्या तशी घ्यावी असा आग्रह नाही, बांधणी कशी होते ते दिसावं एवढाच हेतू.

सांजवेळ खाडीवर दूर दूर पाणी
सांगतसे चिखलाला कालची कहाणी

मात्रा मोजल्या तर प्रत्येक ओळ ६, ६, ६, ४ अशी आहे. छंदशास्त्रात सहा-सहाच्या आवर्तनाला भृंगावर्तनी म्हणतात. शेवटच्या चारनंतर दोन मात्रा मोकळ्या राहतात, तिथे गाणारीला श्वास घेता येतो आणि तबल्याला बोलायला जागा मिळते. आता दादऱ्याच्या मात्रांवर शब्द ठेवू:

सां ऽ ज वे ऽ ळ | खा ऽ डी ऽ व र | दू ऽ र दू ऽ र | पा ऽ णी ऽ ऽ ऽ
सां ऽ ग त से ऽ | चि ख ला ऽ ला ऽ | का ऽ ल ची ऽ क | हा ऽ णी ऽ ऽ ऽ

हे बोटांवर मोजत मोठ्यानं म्हणा. दादऱ्याचं वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर असतं, तीन अधिक तीन. ‘सांजवेळ’ आणि ‘दूर दूर’ नेमके तसेच तुटतात. पण ‘खाडीवर’ तसं तुटत नाही. खाऽ, डीऽ, वर, म्हणजे दोन-दोन-दोन. चौथ्या मात्रेवर तबला ‘धा’ वाजवतो तेव्हा गळा ‘डी’च्या मध्यावर असतो, तिथे अक्षर सुरू होत नाही. हा छोटासा तिरपेपणा मुद्दाम ठेवलाय. दादऱ्यात सगळेच शब्द तीन-तीनचे घेतले की गाणं झोपाळ्यावर बसतं आणि पाळणा होऊन बसतो. चार आवर्तनांत एखादं दोन-दोन-दोनचं आलं की लाट मोडते. खालच्या ओळीत हेच काम ‘चिखलाला’ करतो.

आता ‘कहाणी’ बघा. ‘क’ सहाव्या मात्रेवर, ‘हा’ समेवर. शब्द आवर्तनाच्या काठावर तुटला. मघाशी ‘ओहोटी’ तुटली तेव्हा मी नको म्हटलं आणि इथे चालतं, कारण ‘क’ लघू आहे आणि बोलतानाही आपण वजन ‘हा’वरच देतो. लघू अक्षर समेच्या आधी आणि गुरू समेवर, ही मराठीत सर्वांत गोड लागणारी उडी. उलट झालं, म्हणजे लघू अक्षर समेवर पडलं, की गाणारा नकळत ते लांबवतो आणि ऱ्हस्वाचं दीर्घ होतं. भावगीतात हा दोष लगेच कानाला टोचतो, कारण श्रोता स्वरांआधी शब्द ऐकत असतो.

अंतऱ्यात हीच अडचण समोर येते. समजा अंतरा असा आहे:

पुलावरी दिवे नवे थरथरती खाली
वाट तुझी सरली ना, रात सुरू झाली

मात्रा पुन्हा ६, ६, ६, ४. कागदावर बिनचूक. पण ‘पु’ समेवर ठेवला की गाताना ‘पूलावरी’ होतं, आणि पाठोपाठ ‘दि’ समेवर आला की ‘दीवे’. म्हणून ही ओळ एक मात्रा आधी उचलायची. ‘पु’ मागच्या आवर्तनाच्या सहाव्या मात्रेवर घ्या, ‘ला’ समेवर पडू द्या:

पु | ला ऽ व री ऽ दि | वे ऽ न वे ऽ ऽ | थ र थ र ती ऽ | खा ऽ ली ऽ ऽ ऽ

एक मात्रा आधी निघालो ती परत कुठे भरली? ‘नवे’च्या ‘वे’ला तीन मात्रा दिल्या तिथे. त्यामुळे ‘थरथरती’ पुन्हा बरोबर समेवरून सुटतं, आणि त्यातली चार लघू अक्षरं एका मात्रेला एक अशी पळतात. इथे ‘थ’ लघू असूनही समेवर चालतो, कारण पुढची अक्षरं त्याच्या पाठीवरच आहेत, त्याला लांबायला वेळच मिळत नाही. लघू-गुरूचे नियम असे शेजार बघून लावायचे असतात.

मात्रा मोजताना आणखी एक खड्डा जोडाक्षराचा. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं असं शाळेत शिकवतात, पण मराठीत त्यावर आघात येत असेल तरच. ‘दिव्य’मधला ‘दि’ गुरू, मात्र ‘दिव्यांची माळ’मधला ‘दि’ लघूच राहतो. ‘तुझ्या’, ‘उद्या’ यांच्यात कसा फरक पडतो ते स्वतः बोलून पाहा: पहिल्यात ‘तु’ हलका, दुसऱ्यात ‘उ’वर ठेच लागते. कान सांगेल ते धरा. आणि बोलताना आपण ‘सांग्तसे’ म्हणतो, गाताना मात्र ‘ग’ला त्याची मात्रा पूर्ण मिळते. ‘खाडीवर’चा शेवटचा ‘र’, ‘सांजवेळ’चा ‘ळ’ हे गाण्यात उघडे राहतात. बहिणीला हे सांगून ठेवा, नाहीतर ती बोलीतल्यासारखी अक्षरं मिटवेल आणि मात्रा रिकाम्या पडतील. फार उघडलं तर ‘सांजवेळा’ ऐकू येतं, तेही नको. ‘ळ’ला फक्त स्पर्श.

आता चाल. यमन ठीक आहे. भावगीतात राग मांडून दाखवायचा नसतो, त्याची दोन-तीन ओळखीची वळणं पुरतात. ध्रुवपद असं करून पाहा. ऩि म्हणजे मंद्र निषाद, म॑ म्हणजे तीव्र मध्यम:

सांजवेळ: ऩि ऽ रे ग ऽ ग
खाडीवर: प ऽ म॑ ऽ ग रे
दूर दूर: ग ऽ रे ऩि ऽ रे
पाणी: सा ऽ सा ऽ ऽ ऽ

‘दूर’ हा शब्द दोनदा येतो तेव्हा दुसरा पहिल्याच्या खाली, मंद्र निषादावर न्यायचा. पाणी सरतंय हे स्वरानं सांगितलं की शब्दात आणखी काही घालावं लागत नाही. नवख्यांची चाल इथे उलटी जाते. ‘दूर’ म्हटलं की ते वर, तार सप्तकाकडे हाक मारायला धावतात. हाक मारायची असती तर ते योग्यच होतं, पण इथे कुणी हाक मारत नाहीये.

दुसरी ओळ थोडी वर उघडा: ‘सांगतसे’ ग ऽ ग म॑ ध ऽ, ‘चिखलाला’ नि ध प ऽ म॑ ऽ, ‘कालची क’ ग ऽ रे ग ऽ ऩि, ‘हाणी’ रे ऽ सा. अंतरा ‘पु’ तीव्र मध्यमावरून उचलून ‘लावरी’ला ध, नि करत तार षड्जावर न्या, ‘दिवे’ला तार रिषभ दाखवा, ‘थरथरती’ निषाद-धैवतात हलवा आणि ‘खाली’ म॑ वरून ग वर उतरवा. अंतऱ्याची शेवटची ओळ सा वर मिटवू नका. ‘झाली’ रिषभावर लोंबकळत ठेवा, म्हणजे ‘सांजवेळ’चा मंद्र निषाद त्याला उत्तरासारखा लागतो आणि ध्रुवपदाकडे परत येणं ओढून आणल्यासारखं होत नाही.

‘पाणी’वर थांबताना स्वर कुठे धरायचा हा छोटा पण मोलाचा निर्णय. ‘णी’मधला ‘ई’ अरुंद स्वर, खालच्या षड्जावर चार मात्रा धरला की बारीक, नाकातला होतो. पहिल्या वेळी ‘पा ऽ णी’ असं म्हणून ‘णी’ लवकर सोडून द्या आणि शांतता येऊ द्या. दुसऱ्यांदा ‘पा ऽ ऽ ऽ णी ऽ’ करा, थांबा ‘आ’वर असू द्या. एवढ्या बदलानं पुनरावृत्ती कंटाळवाणी होत नाही.

आता तुमचं बेसूर. काळी चारचा षड्ज घेतला की काळी एक हा त्याचा शुद्ध मध्यम होतो. मित्राचा तबला शुद्ध मध्यमात घुमतोय आणि बहीण यमनचा तीव्र मध्यम गातेय, दोघांत जेमतेम अर्ध्या स्वराचं अंतर. तबल्याचा प्रत्येक ‘ना’ गाण्याला दुसऱ्याच रागात ओढतो. शुद्ध मध्यम असलेल्या रागात, उदाहरणार्थ बागेश्रीत, हाच तबला याच पट्टीत गोड लागला असता. म्हणून तबलजीला कान नाही आणि बहिणीला सूर नाही, असं दोघांनाही वाटत राहिलं असणार.

तबला पंचमात हवा. काळी चारचा पंचम काळी दोन. काळी एकचा तबला ठोकून पूर्ण एक स्वर वर चढवणं म्हणजे पुडीशी जुगार, शाईला तडा जाऊ शकतो किंवा आवाज कोंदून जातो. त्यापेक्षा गाणंच एक स्वर खाली आणा. काळी तीनचा षड्ज घेतला की त्याचा पंचम बरोबर काळी एक येतो. तबल्याला हात न लावता काम झालं. अट एकच: चाल मंद्र निषादापर्यंत जाते, तो बहिणीला काळी तीनमध्ये ऐकू येईल असा लागला पाहिजे. ‘दूर’ नुसती हवा झाली तर ही पट्टी तिची नाही, आणि मग काळी दोनचा तबला मिळवा किंवा काळी चारमध्येच षड्जाला लागेल असा मोठ्या तोंडाचा ढाला तबला आणा. भावगीताला ढाला तबला एरवीही छान शोभतो, त्याची ‘ना’ टोचत नाही. या चालीची व्याप्ती मंद्र निषाद ते तार रिषभ, साधारण सव्वा सप्तक आहे. वरचं टोक काळी तीनमध्ये कुठल्याही स्त्रीगळ्याला अवघड नाही, तेव्हा खालचं टोकच तपासा.

स्वर जुळवताना ‘ना’ वाजवून ऐकू नका, त्यातला टणत्कार फसवतो. ‘तिं’ वाजवून त्याचा घुमारा पंचमाशी जुळवा आणि सोळाही घरं एका सुरात आहेत का ते फिरून पाहा. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत पुडी सैल पडून स्वर उतरतो, म्हणून सुरू करण्याआधी एकदा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ऐकावं.

तानपुरा पंचमातच लावा: प, सा, सा, खर्ज. यमनला निषादाचा तानपुराही लावतात, आणि दोन तानपुरे असतील तर एक पंचमाचा, एक निषादाचा, हा झकास जोड. पण एकच असेल आणि तबला पंचमात असेल, तर निषादाच्या तारेनं षड्जाशेजारी सतत एक खाज राहते. ख्यालात ती हवीशी वाटते, हळुवार गाण्यात शब्दांवरून लक्ष उडवते. पंचमानं गाणं जमिनीवर राहतं.

फोनच्या बारक्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, वरची झणझण तेवढी उरते. मग बहीण जोडाच्या तारांना धरून गाते आणि आवाज वर वर ताणला जातो. बऱ्यापैकी मोठा स्पीकर जोडा आणि तो तिच्या पाठीमागे, कमरेच्या उंचीवर ठेवा. आवाज एवढाच की ती गायला लागली की तानपुरा नाहीसा व्हावा आणि थांबली की परत यावा. तारांचा वेग गाण्याच्या लयीशी जुळवू नका. जुळला तर कान तानपुऱ्यालाच ताल समजतो. चार तारांचा एक फेरा पाच सेकंदांच्या आसपास, दादऱ्याच्या आवर्तनाशी न जुळणारा, हा बेत चांगला.

चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यात खर्जाच्या पोटातून एक गांधार आपोआप उमटतो, स्वयंभू गांधार. तुमच्या चालीत ‘वेळ’ याच गांधारावर थांबते. बहिणीला डोळे मिटून फक्त खर्ज ऐकायला सांगा, तो गांधार सापडला की त्यात आपला मिसळायला सांगा. हार्मोनियमवरचा गांधार या गांधारापेक्षा थोडा चढा असतो. म्हणून पेटी असेल तर ‘वेळ’वर लांब स्वर धरू नये, शब्दांमधल्या जागा भराव्यात. तुमच्याकडे पेटी नाही हे या गाण्याच्या बाबतीत बरंच आहे.

तबल्याकडे येतो. ठेका साधा दादरा: धा धी ना, धा ती ना. बोल बदलायची गरज नाही, हात कुठे पडतो ते बदला. मित्र ‘ना’ चाटेवर कडक मारत असणार, बैठकीत तेच शिकवलेलं असतं. इथे बोटाचं टोक चाटेच्या आतल्या काठावर हलकेच ठेवायचं आणि लगेच उचलायचं. डग्ग्याचा ‘घे’ मनगट न दाबता, एकसारखा. प्रत्येक ‘धा’ला घसीट घेतली की ठुमरी होते.

आणि डग्गा नेहमी चालू ठेवू नका. ‘दूर दूर’च्या आवर्तनात तो पूर्ण बंद करा, नुसता उजवा हात: ता ती ना, ता ती ना. ‘पा’च्या समेवर डग्गा परत आणा. श्रोत्याला कारण कळणार नाही, पण तिथे जमीन सरकल्यासारखं वाटतं आणि मग पाय टेकतात. ‘पाणी’नंतरच्या मोकळ्या मात्रांत छोटा तुकडा घ्यायचा तर तो दर ओळीला नको, ध्रुवपद संपवून अंतऱ्यात जाताना एकदा. आणि तो सहाव्या मात्रेआधी आटपला पाहिजे, कारण तिथे ‘पु’ उचलायचा आहे. तुकडा लांबला की बहीण बिचकते, ‘पु’ चुकतो आणि ती ‘ला’ला धावत येते. रियाझात अंतरा सारखा एकाच जागी अडखळत असेल तर आधी मित्राच्या तुकड्याची लांबी मोजा.

लय ठरवायची सोपी कसोटी: ध्रुवपद चाल न लावता, कुणाला तरी सांगावं तसं म्हणा, घड्याळ लावून. मग थोडं सैल करा. मिनिटाला १२० मात्रा ठेवल्या तर दादऱ्याचं आवर्तन ३ सेकंदांचं, एक ओळ १२ सेकंदांची. ध्रुवपद दोनदा म्हटलं की ४८ सेकंद. अंतऱ्याची पहिली ओळ दोनदा, दुसरी एकदा आणि ध्रुवपदाच्या पहिल्या ओळीकडे परत, असे आणखी ४८. दोन अंतरे, प्रत्येकाच्या आधी चार-चार आवर्तनांची वाद्यांची जागा, सुरुवातीला तानपुऱ्यावर वीसेक सेकंदांचा आलाप, शेवटी पहिली ओळ दोनदा. सगळं मिळून साडेतीन मिनिटं. जुनी भावगीतं ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावावीत म्हणून तीन-सव्वातीन मिनिटांची असत. ती मर्यादा गेली, तरी तिसरा अंतरा घेण्याआधी त्यात नवीन काही घडतं का ते बघा. मिनिटाला ९० मात्रांच्या खाली गेलात तर ‘थरथरती’ थरथरत नाही, एकेक अक्षर मोजल्यासारखं पडतं. १४० च्या वर गेलात तर पुन्हा टाळ्या सुरू होतील.

तबला पहिल्या ओळीपासून सुरू करू नका. आलाप, मग पहिली ओळ नुसत्या तानपुऱ्यावर, लयीत पण मोकळी. मित्रानं ती मनात मोजायची आणि ओळ दुसऱ्यांदा येताना ‘पाणी’च्या समेवर पहिला ‘धा’ हलकेच ठेवायचा. ‘सांज’च्या समेवर आला तर सगळे एकदम निघाल्यासारखं वाटतं, ‘पाणी’वर आला तर गाणं आधीपासून चालूच होतं आणि तबला येऊन मिळाला असं वाटतं.

घरी फोनवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर पंखा बंद, फोन बहिणीच्या तोंडापासून तीन फुटांवर आणि थोडा खाली, तबला तिच्या मागे पाच-सहा फुटांवर सतरंजीवर. तबला फरशीवर ठेवला की डग्ग्याचा घुमारा खोलीभर पसरतो आणि सगळी मेहनत गढूळ होते. ऐकताना आधी फक्त शब्द लिहून काढा, किंवा कविता न वाचलेल्या कुणाला तरी लिहायला सांगा. त्यानं ‘चिखलाला’च्या जागी काही भलतंच लिहिलं तर ‘चि’ आणि ‘ख’ घाईत गिळले गेलेत. तिथे नि आणि ध हे दोन स्वर स्वतंत्र दाखवण्याचा हट्ट सोडा, दोन्ही अक्षरं निषादावरच म्हणा आणि ‘ला’वर थेट पंचमावर या.

तुमची मूळ ओळ टाकायचीच नसेल तर एक वाट आहे. केरवाच ठेवा, पण ‘ओहोटीच्या’ पहिल्या चार मात्रांत, अक्षराला एक मात्रा अशी आटपा, उरलेल्या चार मात्रा ‘च्या’ न लांबवता रिकाम्या सोडा, ‘वाटेवरती’लाही ‘व’ आणि ‘र’ला अर्धी-अर्धी मात्रा देऊन तसंच करा आणि सगळा विसावा ‘संध्या’ला द्या. भजन मोडेल. पण ‘च्या’नंतरची ती रिकामी जागा तानपुऱ्यानंच भरू द्यावी लागेल, आणि तबलजीनं तिथे हात आवरला नाही तर पहिल्या जागी परत याल.